सर्टिफिकेट खरं होतं, चॅट अर्धं होतं

१४ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा तो निकाल आला आणि तेव्हापासून माझ्याकडे दोनच प्रकारची माणसं येतात. पहिला विचारतो, "मॅडम, आता बायकोचं रेकॉर्डिंग चालतं ना, मग केस संपलीच की." दुसरी विचारते, "मॅडम, म्हणजे आता नवराबायकोत खाजगी असं काही राहिलंच नाही का?" आणि बाररूममधेही वाद याच दोन बाजूंनी चाललाय, एक गट पेढे वाटतोय, दुसरा सुतकात. निकाल वाचलेला कुणीच नाही असं म्हणणार नाही, पण वाचलेले गप्प बसतात असा माझा अनुभव आहे. भटिंड्याच्या एका जोडप्याची केस होती, नवऱ्याने बायकोशी झालेले फोन तिला न सांगता रेकॉर्ड केले, फॅमिली कोर्टाने ते घेतले, हायकोर्टाने नोव्हेंबर २०२१ मधे नाकारले, सुप्रीम कोर्टाने परत घ्या म्हणून सांगितलं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२२ म्हणतं की नवराबायकोतलं बोलणं दुसऱ्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, पण त्याच कलमात अपवाद आहे, भांडण त्या दोघांतलंच असेल तर ही बंदी लागू नाही. कोर्टाने तो अपवाद लावला. म्हणजे प्रश्न होता रेकॉर्डिंगला दारातून आत येऊ द्यायचं का. आत आलेला पाहुणा खरं बोलतोय का, हा प्रश्न तिथे नव्हताच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. चॅट आणि रेकॉर्डिंगसोबत जे सर्टिफिकेट लागतं ते कॉपीबद्दलचं आहे, सत्याबद्दलचं नाही. ते ठेवायला हवं, काढून टाका म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण घरगुती केसमधे त्याच्यावरच सगळी लढाई लढणं चूक आहे, आणि नव्या पुरावा कायद्याने त्याला जो एक्स्पर्टचा दुसरा भाग जोडलाय तो अशा केसमधे गरिबाला बाहेर ठेवतो आणि बनेलाला आत घेतो. नवराबायकोच्या चॅटची तपासणी करायची सगळ्यात स्वस्त आणि चोख जागा म्हणजे दुसऱ्याचा फोन.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, स्वतः तोंडावर पडून कळलंय. तपशील थोडे बदलून सांगते. नवरा माझा पक्षकार, दावा २०२२ चा, बायको सोडून गेली म्हणून घटस्फोट. दोन वर्षांहून जास्त काळ वेगळे राहत होते आणि ती स्वतःच्या मर्जीने गेली हे दाखवायचं होतं. त्याने अकरा स्क्रीनशॉट आणले, त्यातला एक तर असा की दावा तिथेच जिंकल्यासारखा वाटला, रात्री ११:४२ ला तिचा मेसेज, "मला तुझ्यासोबत राहायचं नाही, परत फोन करू नको." मी प्रिंट काढल्या, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ बी चं ते सर्टिफिकेट ड्राफ्ट केलं, त्याने सही केली, सगळं फाइल. सर्टिफिकेटमधे जे लागतं ते सगळं होतं, कुठला फोन, आयएमईआय काय, तो रोजच्या वापरातला आहे, नीट चालतो, त्यातून स्क्रीनशॉट कसे घेतले, प्रिंट कुठल्या प्रिंटरवर. (हे शेवटचं बरेच जण विसरतात. टायपिस्टकडचा तयार नमुना घेतात, त्यात "सदर संगणक" म्हणून झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर असतो आणि ज्या फोनमधे चॅट आहे त्याचा उल्लेखच नसतो. म्हणजे सर्टिफिकेट प्रिंटरचं झालं, चॅटचं नाही.)

उलटतपासाला तिची वकील उभी राहिली. तिने सर्टिफिकेटला हातही लावला नाही. पहिला प्रश्न, स्क्रीनशॉटवर वर "बायको" असं नाव दिसतं, नंबर दिसतो का? नाही दिसत. बरोबर आहे, नंबर कुठल्याही नावाने सेव्ह करता येतो, मी माझ्या भावाचा नंबर "बायको" म्हणून सेव्ह करून त्याच्याशी हवं ते चॅट बनवू शकते. पण तो तिचा मुद्दा नव्हता, मेसेज माझाच आहे हे बायकोने मान्य केलं. दुसरा प्रश्न, हे चॅट आधीपासून याच फोनवर होतं का? नाही, जुना फोन एक्स्चेंजमधे दिला, बॅकअपवरून नव्यावर आलं. तिसरा प्रश्न, ११:४२ च्या आधी काय होतं? माझा पक्षकार म्हणाला, काही नाही. मग बायकोने स्वतःचा फोन पुढे केला. तिच्या फोनमधे त्याच थ्रेडमधे ११:३८ ला त्याचा मेसेज होता, "आईच्या पाया पडून माफी मागितल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही." त्याने तो स्वतःच्या फोनवरून "डिलीट फॉर मी" केला होता. डिलीट फॉर एव्हरीवन केलं असतं तर निदान "हा मेसेज डिलीट केला" अशी ओळ राहते, डिलीट फॉर मी मधे काहीच राहत नाही, वरचा मेसेज आणि खालचा मेसेज एकमेकांना चिकटतात आणि मधे कधी काही होतं असं वाटतही नाही.

आता बघा, ते सर्टिफिकेट खोटं होतं का? अजिबात नाही. फोनमधे जे होतं तेच प्रिंटवर होतं, आणि कायद्याने आम्हाला तेवढंच विचारलं होतं. एखाद्या महागड्या एक्स्पर्टने त्या फोनमधल्या थ्रेडचा हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, काढून दिला असता तरी तो हॅश अर्ध्या थ्रेडचाच आला असता.

हे नवीन नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांत मजकूर संपला की शेवटी मोर्तब नावाची एक छोटी मुद्रा असते, "मर्यादेयं विराजते", म्हणजे मजकुराची हद्द इथे संपली. तिच्यापुढे कुणी काही घुसडलं तर लगेच कळावं म्हणून. आज आपण हॅश म्हणतो ते काम तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी मोर्तब करत होतं. पण मोर्तब असलेल्या पत्रातला मजकूर खरा, असं त्या काळच्या कुणा कारकुनानेही मानलं नसतं. वतनाच्या भांडणात कागद यायचे, शिक्क्यासह यायचे, तरी गोत म्हणजे गावची सभा बसायची, साक्षीदार उभे राहायचे आणि कागद कसा आला, कुणाच्या ताब्यात होता हे विचारलं जायचं. आपण मात्र २०२५ मधे शिक्का बघून निकाल लागल्याचे पेढे वाटतो.

मग विरुद्ध बाजूचे म्हणतात, जर सर्टिफिकेट सत्य सांगत नाही तर ठेवायचं कशाला? उडवा. आणि या म्हणण्यात दम आहे, उगाच नाही. ६५ बी हे कलम २००० साली आयटी कायद्यासोबत आपल्याकडे आलं आणि त्याची भाषा इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यावरून जवळपास उचललेली होती, जो भाग इंग्लंडने स्वतः १९९५ मधे रद्द केला होता. म्हणजे त्यांनी माळ्यावर टाकलेला कोट आपण पाच वर्षांनी दिवाळीला घातला. कॉम्प्युटर म्हणजे मोठं यंत्र, त्याला एक ऑपरेटर, रोज ठराविक माहिती भरली जाते, अशा जमान्याची ती भाषा, "नियमितपणे भरलेली माहिती" वगैरे. नवरा रात्री पावणेबाराला बायकोला जे टाइप करतो ती "नियमितपणे भरलेली माहिती" आहे का, यावर कोर्टात गंभीर चेहऱ्याने वाद घातलेले मी ऐकलेत.

पण इंग्लंडचीच गोष्ट पुढे वाचली की माझं मन बदलतं. तिथे फौजदारी केसेससाठी असलेली तशीच अट १९९९ च्या कायद्याने काढली, आणि मग कॉम्प्युटर नीटच चालतो असं गृहीत धरायचं, नाही म्हणणाऱ्याने दाखवावं, अशी पद्धत उरली. त्याच काळात तिथल्या पोस्ट ऑफिसात होरायझन नावाची हिशेबाची सिस्टिम आली, ती चुकीची तूट दाखवायची, आणि शेकडो पोस्टमास्तर चोर ठरले, काही जेलमधे गेले, काही कर्जबाजारी झाले. कॉम्प्युटर सांगतो तर पैसे गेलेच असणार. त्या शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मधे पार्लमेंटला कायदा करावा लागला. होरायझनच्या वेळी सर्टिफिकेट असतं तर हे टळलं असतं असा माझा दावा नाही, कारण सही पोस्टाच्याच कुणा साहेबाने केली असती. पण कुणीतरी एक माणूस नावानिशी म्हणायला लागतो की हे यंत्र माझ्या ताब्यात होतं आणि ते नीट चालत होतं, आणि मग त्या माणसाला पिंजऱ्यात बोलावून प्रश्न विचारता येतात. सर्टिफिकेटचा मला दिसणारा खरा उपयोग हा आहे, उलटतपासाला एक चेहरा मिळतो. माझ्या पक्षकाराची सही नसती तर त्याला "तुम्ही स्क्रीनशॉट कुठून घेतले" हे कुणी विचारलं असतं?

आपल्याकडची मोठी केस तर जालन्याचीच. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल, निकाल २९६ मतांचा. वाद असा की खोतकरांचे अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल झाले की नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ शूटिंग होतं, त्यात वेळ कळत होती. पण सर्टिफिकेट द्यायचं कुणी? ज्यांचा कॅमेरा त्यांनी, म्हणजे त्याच कार्यालयाने, आणि ते देईनात, मागून मागून थकले तरी देईनात. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची तोंडी साक्षच पुरेशी धरली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तीन न्यायमूर्तींनी १४ जुलै २०२० ला (हो, पुन्हा १४ जुलै, योगायोग) सांगितलं की कॉपी दाखल करायची असेल तर सर्टिफिकेट लागणारच, तोंडी साक्ष त्याची जागा घेत नाही. पण दोन खिडक्या उघड्या ठेवल्या. यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि तो सर्टिफिकेट देत नाही, तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट त्याला आणायला लावेल, आणि सगळं करूनही मिळालंच नाही तर अशक्य गोष्ट कायदा मागत नाही. दुसरी खिडकी आपल्या कामाची आहे, मूळ यंत्रच कोर्टात आणलंत आणि त्याचा मालक स्वतः पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला की हा माझा फोन, यातच हे पहिल्यांदा साठवलं गेलं, तर सर्टिफिकेटची गरजच नाही. त्या फोनलाच मूळ कागद समजायचं.

मग सगळे फोनच का आणत नाहीत? कारण फोन जमा करावा लागेल ही भीती, त्यात बँक, ओटीपी, आईचे डॉक्टर, पोरांच्या शाळेचा ग्रुप. केस पाच वर्षं चालली तर पाच वर्षं फोन कोर्टाच्या कपाटात? कुणी तयार होत नाही आणि मी त्यांना दोष देत नाही. प्रत्यक्षात कोर्ट फोन उघडून बघू शकतं, दोन्ही बाजूंसमोर थ्रेड वरपासून खालपर्यंत सरकवून बघितला, प्रिंटशी ताडला, नोंद घेतली आणि फोन परत दिला, याला अर्धा तास लागतो. माझ्या त्या केसमधे नेमकं हेच झालं. पण हे करायचं तर न्यायाधीशाला वेळ हवा आणि वकिलाने मागायला हवं, आणि आम्ही वकील मागत नाही कारण आम्हाला सर्टिफिकेटवर भांडायची सवय लागलीय, "माय लॉर्ड, परिच्छेद चार मधे आयएमईआय नाही", त्यात दोन तारखा जातात.

आता नव्या कायद्याकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, ६५ बी च्या जागी कलम ६३, आणि त्याच्या मागे परिशिष्टात सर्टिफिकेटचा छापील नमुना. (आधीपासून चालू असलेल्या केसेसना जुनाच कायदा लागू, म्हणून माझी वरची केस ६५ बी ची.) नमुन्याचे दोन भाग, भाग ए पक्षकाराने भरायचा, भाग बी एक्स्पर्टने. भाग ए मला आवडतो, खरंच. यंत्र कुठलं यावर खूण करायची, मोबाइल, पेनड्राइव्ह, सर्व्हर, क्लाउड. मेक, मॉडेल, रंग, सिरीयल नंबर, आयएमईआय. यंत्र तुमच्या मालकीचं की तुम्ही फक्त वापरता. आणि हॅश, कुठल्या पद्धतीने काढला त्यासकट. जुन्या कायद्यात जिथे लोक अर्धं पान "सदर संगणक" लिहून मोकळे व्हायचे तिथे आता रकाना रिकामा राहिला की दिसतो.

हॅशला लोक उगाच घाबरतात. फाइलमधल्या प्रत्येक अक्षर-आकड्यावरून निघालेला तो एक ठसा असतो, फाइलमधे एक टिंब बदललं तरी सगळा ठसा बदलतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमधे हे टाइप केलं की झालं:

```
certutil -hashfile recording.m4a SHA256
```

चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक ओळ येते, ती भाग ए मधे उतरवायची आणि तीच फाइल पेनड्राइव्हवर द्यायची. कागदावरच्या प्रिंटला हॅश नसतो, तो फाइलचा असतो, त्यामुळे नुसत्या प्रिंटसोबत हॅश लिहिणारे महाभाग भेटले की समजायचं नमुना कुणीतरी आंधळेपणाने भरलाय. आणि फाइल फोनमधून केबलने काढायची, स्वतःलाच व्हॉट्सॲप करून नाही. तिथे फोटो-व्हिडिओ दाबून लहान केले जातात म्हणजे फाइल वेगळीच होते, आणि ऑडिओचं मूळ नाव, ज्यात बऱ्याच फोनमधे नंबर आणि वेळ असते, ते जाऊन त्या जागी भलतंच नाव येतं. चॅट एक्स्पोर्ट केलं तर येणारी टेक्स्ट फाइल नोटपॅडमधे उघडून कुणीही बदलू शकतं, हॅश त्यानंतर काढला तर तो बदललेल्या फाइलचा अगदी बरोबर हॅश असतो. पुन्हा तेच, मोर्तब.

गाडी अडते ती भाग बी वर. एक्स्पर्ट म्हणजे कोण, हे कलम ६३ सांगत नाही. आयटी कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे सरकारी परीक्षक म्हणून अधिसूचित लॅब आहेत, पण तालुक्याच्या कोर्टात पोटगी मागणाऱ्या बाईने तिथे जायचं? मग बाजारात खाजगी लोक सर्टिफिकेट देतात, पैसे द्या, सही घ्या, फोन त्यांनी हातात तरी घेतला का देवजाणे. विरुद्ध बाजू म्हणते की हे हवंच, आज कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते, बनावट चॅट बनवणारी ॲप फुकट मिळतात, तज्ज्ञाशिवाय कोर्टाला कळणार कसं? हा मुद्दा मी पूर्ण मान्य करते. आवाज माझा नाहीच, असं कुणी शपथेवर म्हणालं तर नमुना घेऊन लॅबकडे पाठवावंच लागेल आणि वेळ लागला तर लागू दे. पण ते वाद झाल्यावर. प्रत्येक "दूध आणलंस का, पैसे कधी पाठवतोस" चॅटला आधीच तज्ज्ञाची सही मागणं म्हणजे ताप आला का हे बघायच्या आधी एमआरआय. आणि भाग बी मधला एक्स्पर्ट प्रमाणित काय करतो? हॅश. तो आवाज खरा की नक्कल हे सांगत नाही, थ्रेड पूर्ण की अर्धा हेही सांगत नाही. ज्या भीतीपोटी त्याला आणलं त्या भीतीवर त्याच्याकडे औषधच नाही.

बरं, कायद्यात पळवाट आहे का? आहे, अर्धी. फॅमिली कोर्ट कायदा १९८४, कलम १४, तिथलं कोर्ट वाद सोडवायला मदत होईल असं वाटणारा कुठलाही कागद, माहिती घेऊ शकतं, मग ती पुरावा कायद्याच्या चाळणीतून जावो न जावो. १९८४ साली हे लिहिणाऱ्यांनी व्हॉट्सॲप स्वप्नातही बघितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं की घरातल्या भांडणाला बाहेरचे साक्षीदार नसतात. दिल्ली हायकोर्टाने २०२० मधे याच कलमावर बोट ठेवून म्हटलं की फॅमिली कोर्टाने आधी एवढंच बघावं की पुरावा विषयाशी संबंधित आहे का, तो किती विश्वासाचा ते नंतर. माझ्या मते फॅमिली कोर्टांनी भाग बी साठी कुणाचा पुरावा दारातच अडवू नये, १४ लावावं, भाग ए घ्यावा आणि पूर्ण थ्रेड मागावा. अर्धी पळवाट अशासाठी की हे कलम फक्त फॅमिली कोर्टाला. जिथे फॅमिली कोर्ट नाही तिथे घटस्फोट सिव्हिल जज सिनियर डिव्हिजनकडे चालतो, घरगुती हिंसाचाराची केस मॅजिस्ट्रेटकडे, तिथे १४ नाही. म्हणजे शहरातल्या बाईला सवलत, तालुक्यातल्या बाईला एक्स्पर्ट. हे कुणाला बरोबर वाटतं?

आता खाजगीपणाचा मुद्दा, जो सुतक पाळणाऱ्यांचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात प्रत्येक वाक्य बोलताना समोरच्याच्या खिशात रेकॉर्डर चालू असेल या भीतीत संसार कसा व्हायचा? सुप्रीम कोर्टाचं यावर उत्तर असं की जिथे एकमेकांवर पाळत ठेवायची वेळ आली तिथे संसार आधीच मोडलेला आहे, पाळत हे लक्षण आहे, कारण नाही. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. कारण माझ्याकडे येणारे काही जण लक्षण म्हणून नाही, तयारी म्हणून रेकॉर्ड करतात. तरीही उपाय बंदी नाही असंच मी म्हणेन. ज्या बाईला बंद दाराआड शिव्या मिळतात तिच्याकडे दुसरं असतं काय? आपल्या कोर्टांनी हा प्रश्न टेपरेकॉर्डरच्या वेळीच सोडवलाय, मुंबईचा कोरोनर लाच मागतो, समोरचा डॉक्टर पोलिसांना फोनवर टेप लावू देतो, आणि १९७२ मधे मलकानी केसमधे सुप्रीम कोर्ट म्हणतं की पुरावा कसा मिळाला यात गडबड असली तरी तो संबंधित आणि खरा असेल तर घेता येतो. तेव्हाही लोक म्हणाले होते की आता फोनवर बोलायची सोय राहिली नाही.

फक्त एक फरक लोक सोयीने विसरतात. स्वतःचा कॉल रेकॉर्ड करणं म्हणजे जे तुमच्या कानाने ऐकलं ते साठवणं. बायकोच्या फोनमधे गुपचूप ॲप टाकून तिचे तिच्या बहिणीशी झालेले कॉल उचलणं हे वेगळं, तिथे आयटी कायद्याची कलमं ४३ आणि ६६ तुमच्याच अंगावर येतात. पुरावा कदाचित आत जाईल आणि त्याच्या मागोमाग तुम्हीही. आणि स्वतःच्या कॉलच्या रेकॉर्डिंगमधेही एक गोष्ट ऐकायला शिकलं पाहिजे. रेकॉर्ड करणाऱ्याला माहीत असतं, समोरच्याला नाही. त्यामुळे एकजण नैसर्गिक बोलत असतो आणि दुसरा न्यायाधीशाशी. "अगं मी शांतपणे विचारतोय, तू का ओरडतेस, काल तू मला मारलंस ना?" असं कुठला नवरा भांडताना पूर्ण वाक्यांत बोलतो? असं रेकॉर्डिंग आलं की मी तीनच गोष्टी विचारते, एकूण किती कॉल रेकॉर्ड केले, त्यातले किती दाखल केले, आणि बाकीचे कुठे आहेत. दोनशेतले चार आणले असतील तर उरलेल्या एकशे शहाण्णवांनी साक्ष दिल्यासारखीच असते.

दिवाणी दाव्यांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे गोष्ट सोपी आहे आणि तरी लोक अवघड करतात. उसने पैसे, समोरचा व्हॉट्सॲपवर "दिवाळीला देतो" म्हणाला, आता ओळख दाखवत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२० मधे गुजरातच्या एका व्यापारी वादात म्हटलंय की असे मेसेज म्हणजे तोंडी बोलण्यासारखेच, त्यांचा अर्थ साक्षीपुराव्यात उलगडायचा. मग आधी सर्टिफिकेटच्या मागे धावण्यापेक्षा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १२ खाली समोरच्याला नोटीस द्या, हे चॅट मान्य आहे की नाही ते सांगा. मान्य केलं तर पुढे ते सिद्ध करायची गरजच राहत नाही, आणि उगाच नाकारून शेवटी सिद्ध झालं तर सिद्ध करण्याचा खर्च त्याच्या डोक्यावर. शंभरातले बरेच लोक स्वतःचा मेसेज शपथेवर नाकारायला कचरतात, पैसे नाकारतात, मेसेज नाही. ही नोटीस एका पानाची असते, फुकट असते, आणि गेल्या कित्येक वर्षांत मला ती माझ्याविरुद्ध फार तर चार-पाच वेळा आलेली आहे.

माझ्या त्या पक्षकाराचं पुढे काय झालं म्हणाल तर त्या उलटतपासानंतर "सोडून गेली" हा मुद्दा मेला, साहेबांनी दोघांना मिडिएशनला पाठवलं. जिन्यात त्याने मला थांबवलं. चेहरा पडलेला, पण राग माझ्यावर नव्हता, खरंच गोंधळला होता. "मॅडम, पण सर्टिफिकेट तर बरोबर होतं ना?" मी म्हटलं, हो, अगदी बरोबर होतं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग हळूच विचारलं, "तिच्या फोनमधे अजून काय काय असेल हो?" मी म्हटलं ते तुम्हालाच माहीत, आणि आम्ही मिडिएशनच्या खोलीकडे चालायला लागलो.